साठ अंशांची रेघ

(दृश्य: सोनोग्राफीची खोली, दिवे मंद. मानेवर जेल पडतंय. प्रोब धरलेला हात जवळून.)

"काका, मान जरा उजवीकडे वळवा. हं, बस्स. आता बोलू नका, आवंढाही गिळू नका."

सांगलीतलं एक सोनोग्राफी सेंटर. पलंगावरचे काका एसटीतून निवृत्त झालेले. मागच्या आठवड्यात जेवताना उजव्या हातातला घास खाली पडला. थोडा वेळ हात उचलेना आणि मग आपोआप सगळं ठीक झालं. त्यांच्या फिजिशियननी चिठ्ठीवर लिहून दिलं, दोन्ही बाजूंचा कॅरोटिड डॉपलर. मानेतून मेंदूकडे रक्त नेणाऱ्या मुख्य रोहिण्यांची ही तपासणी. दुबळेपणा उजव्या हातात आला, म्हणून तपासणाऱ्या मॅडम आधी डावी रोहिणी बघतायत.

(दृश्य: मशीनचा पडदा. करड्या चित्रात आडवा काळा पट्टा.)

हा आडवा काळा पट्टा म्हणजे रोहिणी. मानेत ती कातडीला जवळजवळ समांतर जाते. प्रोब कातडीवर उभा टेकवला की ध्वनीची शलाका सरळ खाली जाते आणि रोहिणीला काटकोनात भेटते. भिंती स्वच्छ दिसायला हे उत्तम, पण रक्ताची गती मोजायला याहून वाईट जागा नाही. मॅडम वाहतं रक्त रंगात दाखवणारं कलरचं बटण दाबतात. चौकट उमटते आणि आत काहीच नाही. रोहिणी धडधडतेय, रक्त वाहतंय आणि चौकट काळी.

(दृश्य: कलरची चौकट हळूहळू तिरकी होते. काळ्या पट्ट्यात लाल रंग भरत जातो.)

आता चौकट तिरकी केली. शलाका २० अंश कलली. मग मॅडमनी प्रोबचं एक टोक मानेत किंचित जास्त दाबलं. त्यांचं मनगट बघा, हालचाल जेमतेम कळते. तेवढ्याने आणखी दहाएक अंश मिळाले. शलाका आणि रोहिणी यांच्यातला कोन ९० वरून ६० वर आला आणि लाल रंग भरला.

यंत्र मोजतं ते वारंवारतेतला फरक. प्रोबमधून ५० लाख हर्ट्झचा ध्वनी जातो. तो रक्तातल्या लाल पेशींवर आदळून परत येतो. पेशी प्रोबकडे येत असेल तर परतलेल्या ध्वनीची वारंवारता थोडी वाढलेली असते, दूर जात असेल तर घटलेली. हा फरक पडतो तो फक्त जवळ येण्याचा किंवा दूर जाण्याचा. फाटकाजवळ उभं राहून गाडी बघताना ती बरोबर समोर असते तो क्षण घ्या. गाडी सुसाट असते, पण त्या क्षणी ती आपल्या जवळही येत नसते आणि लांबही जात नसते. काटकोनातल्या शलाकेला रक्त तसं दिसतं.

(दृश्य: जुनी चित्रं. डॉपलरचं व्यक्तिचित्र, वाफेचं इंजिन.)

ख्रिश्चियन डॉपलर हा ऑस्ट्रियन गणितज्ञ. १८४२ साली प्रागमध्ये त्याने ही कल्पना मांडली ती जोडताऱ्यांच्या रंगांसाठी. ताऱ्यांचे रंग असे का, याचं त्याने दिलेलं कारण चुकीचं निघालं. रंग ठरतो प्रामुख्याने तापमानावर. पण खालचं गणित पक्कं होतं. १८४५ मध्ये नेदरलँड्समध्ये बाइज बॅलॉटने आगगाडीच्या उघड्या डब्यावर तुतारीवादक बसवले आणि रुळांशेजारी सुरांचे जाणकार उभे केले. येणाऱ्या गाडीचा सूर चढा लागला, जाणाऱ्या गाडीचा उतरलेला. रक्तापर्यंत यायला आणखी शतकभर लागलं. १९५० च्या दशकात जपानमध्ये ओसाकाला शिगेओ सातोमुरा यांनी याच तत्त्वाने आधी हृदयाची हालचाल टिपली आणि मग रोहिणीतलं रक्त.

(आवाज: मशीनच्या स्पीकरमधून लयीत 'शूऽश, शूऽश'.)

हा आवाज ऐका. पेशंटना वाटतं, हा रक्त वाहण्याचा आवाज. तसं नाही. गेलेला ध्वनी आणि परतलेला ध्वनी यांच्या वारंवारतेत जो फरक पडला, तो स्पीकरवर वाजतोय. मूळ ध्वनी माणसाच्या कानापलीकडचा आहे, पण हा फरक काहीशे ते काही हजार हर्ट्झचा असतो आणि नेमका आपल्याला ऐकू येणाऱ्या पट्ट्यात पडतो.

(दृश्य: रोहिणीच्या मधोमध छोटा 'गेट'. त्यातून जाणारी बारीक रेघ. खाली डोंगररांगेसारखा आलेख.)

रोहिणीच्या मधोमध दोन आडव्या दांड्या दिसतात, तो गेट. तेवढ्याच जागेतलं रक्त आता मोजलं जातंय. गेटमधून एक बारीक रेघ गेलीय, तिच्याकडे लक्ष ठेवा. सारी गोष्ट त्या रेघेची आहे.

या मशीनवर आलेखाची पट्टी किलोहर्ट्झमध्ये करता येते. मॅडमनी ती तशी केली. हृदयाच्या ठोक्याबरोबर आलेख वर चढतो आणि त्याचा माथा ४ वर टेकतो. म्हणजे ४,००० हर्ट्झचा फरक. यंत्राने मोजलेलं एवढंच. पुढचं सगळं गणित.

(पडद्यावर अक्षरं:)

v = Δf · c / (2 · f · cosθ)

Δf म्हणजे हा ४,००० चा फरक. c म्हणजे शरीरातल्या ध्वनीचा वेग, यंत्र तो सेकंदाला १,५४० मीटर धरतं. f म्हणजे सोडलेला ध्वनी, ५० लाख हर्ट्झ. दोनने भागायचं, कारण बदल दोनदा होतो: चालत्या पेशीपर्यंत ध्वनी पोचताना एकदा आणि तीच पेशी तो परत पाठवताना पुन्हा एकदा. राहिला θ, शलाका आणि रक्ताचा प्रवाह यांच्यातला कोन. हा कोन यंत्राला माहीत नसतो. रक्त कुठल्या दिशेने वाहतंय हे तपासणाऱ्याने ती रेघ फिरवून, रोहिणीच्या भिंतीला समांतर लावून सांगायचं असतं. यंत्र मुकाट्याने विश्वास ठेवतं.

(दृश्य: चित्र 'फ्रीझ'. कोनाचं बटण फिरतं. आकडा बदलत जातो. हा शॉट सलग ठेवावा.)

आम्ही मॅडमना विनंती केली की चित्र थांबवा आणि फक्त रेघ फिरवा. पेशंट तोच, ठोका तोच, माथा तोच, ४,००० हर्ट्झ.

रेघ भिंतीला समांतर, ६० अंश: सेकंदाला १२३ सेंटिमीटर.
रेघ पाच अंश जास्त कलली, ६५: १४६.
आणखी पाच, ७०: १८०.
उलटीकडे, ५५: १०७.
आणि रेघेला हातच लावला नाही, कोन शून्यावर राहिला, तर ६२.

आलेख जागचा हलला नाही. बदलले ते बाजूचे आकडे.

मानेच्या डॉपलरमध्ये १२५ हा आकडा फार वापरला जातो. अमेरिकेतल्या रेडिओलॉजिस्टांच्या २००३ साली प्रसिद्ध झालेल्या सहमतीनुसार, अंतर्गत कॅरोटिडमध्ये, म्हणजे मेंदूकडे जाणाऱ्या शाखेत, ठोक्याच्या वेळची कमाल गती १२५ च्या आत असेल तर रोहिणी ५० टक्क्यांपेक्षा कमी अरुंद, १२५ ते २३० असेल तर ५० ते ६९ टक्के आणि २३० च्या वर असेल तर ७० टक्के किंवा जास्त. काकांचा १२३ याच शाखेतला, तो पहिल्या रकान्यात बसतो. पाच अंशांनी १४६ झाला की दुसऱ्यात जातो. पुढे सीटी अँजिओग्राफी, तिचा खर्च, घरच्यांची धावपळ.

(दृश्य: बाकावर बसलेला मुलगा, हातात फाइल.)

पाच अंशांची हीच चूक ३० अंशांवर झाली असती तर आकडा सहा टक्क्यांनी फुगला असता. ६० वर तो १८ टक्के फुगतो, ७० वर ३२ टक्के. कोसाइनचा स्वभावच तसा, शून्याजवळ सपाट आणि नव्वदकडे घसरगुंडी. म्हणून मानेच्या डॉपलरचा नियम: ६० च्या वर जायचं नाही. हृदयाची इको करताना हा त्रास कमी. तिथे हृदयाच्या टोकाकडून शलाका बरेचदा प्रवाहाच्या रेषेतच टाकता येते आणि २० अंशांचा फरक राहिला तरी आकडा सहाच टक्क्यांनी कमी येतो. मानेत ती सोय नाही.

मग ४५ अंश का नाही? मिळाला तर चूक कमी होईल, हे खरं. पण प्रोबचा ध्वनी एका बिंदूतून निघत नाही, रुंद पट्टीतून निघतो. पट्टीचं डावं टोक रक्ताकडे एका कोनातून बघतं, उजवं टोक दुसऱ्या. त्यामुळे आलेखाचा माथा नेहमी थोडा जाड आणि थोडा उंच येतो, आणि कोन मोठा होत जातो तसा जास्तच. एकच रोहिणी ४५ वर आणि ६० वर बिनचूक मोजली, तरी आकडे तंतोतंत जुळत नाहीत. म्हणून अनेक ठिकाणी दर वेळी ६० च ठेवतात. आमच्या मते तेच बरं.

(दृश्य: दुसरी पेशंट. वळणदार रोहिणी, एक भाग लाल, एक निळा, मध्ये काळी फट.)

हे दृश्य दुसऱ्या पेशंटचं. वयाबरोबर काहींची रोहिणी अशी वळणं घेते. एका बाजूला रक्त प्रोबकडे येतंय, म्हणून लाल. वळणापलीकडे दूर जातंय, म्हणून निळं. मधली काळी फट बघून नवखा घाबरतो, त्याला ती रक्ताची गाठ वाटते. तिथे काही अडलेलं नाही, शलाका काटकोनात आलीय इतकंच. प्रोब थोडा सरकवला की फटही सरकते. गाठ असती तर जागची हलली नसती.

अशा वळणावर रेघ कशाला समांतर लावायची, हा प्रश्न खरा अवघड आहे. रोहिणी चरबीच्या थराने अरुंद झाली असेल तर रक्ताची धार भिंतीला समांतर राहीलच असं नाही, ती तिरकी उसळते. कुणी भिंत धरतं, कुणी धार. दोन्ही पद्धती चालतात. एकाच सेंटरमध्ये दोन्ही असल्या की घोटाळा.

(दृश्य: मॅडम खालच्या रोहिणीवर गेट ठेवतात. ६० अंश. आकडा ७५.)

परत काकांकडे. मॅडम प्रोब मानेवर खाली सरकवून सामान्य कॅरोटिड, म्हणजे शाखा फुटण्याआधीची मूळ रोहिणी मोजतात, कोन तोच ६०. आला ७५. वरचे १२३ भागिले ७५, गुणोत्तर १.६. सहमतीत दोनच्या आत म्हणजे पुन्हा पहिलाच रकाना. हा ताळा उपयोगी पडतो. दोन्हीकडे कोन एकाच बाजूने सारखा चुकला असेल तर भागाकारात ती चूक निघून जाते. आणि गती १४६, गुणोत्तर दोनच्या आत, चित्रात थरही पातळ, असं काही समोर आलं तर आधी रेघ तपासायची.

(दृश्य: प्रिंटरमधून बाहेर येणारा कागद. एका कोपऱ्यावर बोट.)

कागदावर आलेख आहे, आकडा आहे आणि कोपऱ्यात θ 60°. रेघही चित्रात आहे, ती भिंतीला समांतर आहे की नाही हे कुणालाही डोळ्यांनी दिसतं. आम्ही पाहिलेल्या बऱ्याच टाइप केलेल्या रिपोर्टांत मात्र फक्त गती असते, कोन नसतो.

मॅडम रिपोर्टमध्ये एक ओळ घालतात: कोन ६० अंश, भिंतीला समांतर. काकांना सहा महिन्यांनी परत बोलावलंय, कदाचित ते दुसऱ्या सेंटरमध्ये जातील. तिथे १४५ आला, तर आजचा कागद शेजारी ठेवून आधी दोन्हीकडचा θ बघावा लागेल. एकीकडे ६० आणि दुसरीकडे ७० असेल, तर रोहिणी अरुंद झालीय की फक्त रेघ फिरलीय हे त्या आकड्यावरून कळणार नाही, ६० वर पुन्हा मोजावं लागेल.