खांब मोजायचे की गाळे?

[दृश्य: रिकामं शेत, ताणलेली दोरी, चुन्याच्या खुणा]

शेताच्या एका बाजूला सरळ ३० मीटर तारेचं कुंपण घालायचंय, दर ३ मीटरवर एक सिमेंटचा खांब. खांब किती आणायचे? ३० भागिले ३, दहा, असं पटकन तोंडातून निघतंच. आणि मग नववा गाळा झाला की खांब संपतात आणि शेवटची ३ मीटर तार बांधायला काही उरतच नाही. कारण भागाकारातून जे दहा आले ते खांब नव्हतेच, ते गाळे होते, दोन खांबांमधली जागा. दहा गाळ्यांना दोन्ही टोकं धरून ११ खांब लागतात.

मग काय, नेहमी एक जास्तीचा धरायचा? तसंही नाही. आता हेच कुंपण चौकोनी प्लॉटला चारी बाजूंनी घालूया, प्रत्येक बाजू ३० मीटर. एका बाजूला ११ म्हणून चार बाजूंना ४४ असा हिशोब केला तर चार खांब उरतात, कारण कोपऱ्यातला प्रत्येक खांब दोनदा मोजला गेला. खरे लागतात ४०, म्हणजे गाळे तेवढेच खांब, कारण शेवटचा गाळा पुन्हा पहिल्याच खांबाला येऊन मिळतो. टोकं मोकळी आहेत का जुळलेली, आधी हे बघायचं, एक मिळवायचा का नाही ते नंतर.

प्रोग्रॅमिंगमधे ह्याला फेन्सपोस्ट एरर म्हणतात, ऑफ-बाय-वन चुकांमधला अगदी नेहमीचा प्रकार.

[दृश्य: स्क्रीनवर सी भाषेतला कोड]

```c
int a[10];
for (int i = 0; i <= 10; i++)
    a[i] = 0;
```

बघा, दहा आकड्यांची जागा मागितली, आणि लूप ० पासून १० पर्यंत, म्हणजे ११ वेळा फिरला. शेवटचा खरा आकडा `a[9]`, `a[10]` नावाचं काही नाहीच. पण सी भाषा अडवत नाही, ती पुढच्या मेमरीत खुशाल शून्य लिहून मोकळी होते. आता तिथे काय असेल ते नशीब. कधी काहीच बिघडत नाही आणि प्रोग्रॅम बरोबर आहे असंच वाटतं. कधी नेमका `i` च `a` च्या लगेच पुढे ठेवलेला असतो, मग `a[10]` मधे शून्य लिहिलं की `i` च शून्य होतो आणि लूप पुन्हा पहिल्यापासून, संपतच नाही. चूक एका `=` ची, आणि माणूस तासभर लूपच्या आतलं तपासत बसतो. पायथॉन अशा वेळी `IndexError` देऊन थांबतं, निदान कळतं तरी.

बरं, पण मोजणी शून्यापासून का? कारण इंडेक्स हा खांबाचा नंबर नाहीच मुळी, पहिल्या खांबापासून किती गाळे ओलांडले तो आकडा आहे. समजा `a` मेमरीत १००० ह्या पत्त्यावर सुरू होतो आणि एक `int` ४ बाइटचा आहे. `a[3]` कुठे? १००० अधिक तीन चोक बारा, १०१२ वर. पहिल्यासाठी शून्य गाळे, म्हणून `a[0]`. फोर्ट्रान, लुआ ह्या भाषा एकपासून मोजतात आणि त्यांचं काही अडत नाही, तिथे पत्ता काढताना एकाची वजाबाकी कुठेतरी आत होते एवढंच.

डाइकस्ट्रा ह्या डच शास्त्रज्ञाने १९८२ मधे ह्याच विषयावर एक छोटी नोंद लिहिली. त्याचं म्हणणं, सुरुवात धरायची आणि शेवट सोडायचा. पायथॉनचा `range(3, 7)` तसाच आहे, ३, ४, ५, ६ देतो, आणि किती आकडे ते ७ वजा ३, चार, सरळ. शिवाय ० ते ४ आणि ४ ते १० असे दोन तुकडे केले तर ते नीट जुळतात, मधला एकही दोनदा येत नाही. ह्याउलट लॉगमधल्या १२० ते १५० ह्या ओळी, दोन्ही टोकं धरून, किती? तीस नाही, ३१.

[दृश्य: टर्मिनल]

चूक पकडायची कशी? लूप रिकाम्या यादीवर चालवून बघायचा, मग एकाच आकड्यावर, मग पूर्ण भरलेल्यावर, कारण घोळ टोकालाच असतो. सी मधे `gcc -g -fsanitize=address` लावून कंपाइल करून चालवलं तर वरच्यासारखा प्रोग्रॅम `stack-buffer-overflow` म्हणत नेमक्या त्या ओळीवर थांबतो. पण चूक उलट्या बाजूची असेल, `i < 10` च्या जागी `i < 9`, तर हे टूल गप्पच बसणार, कारण हद्द कोणी ओलांडलेलीच नाही, फक्त `a[9]` ला हात लागला नाही. ती चूक शेवटचा आकडा स्वतः डोळ्याने बघितल्याशिवाय सापडत नाही.