कुकर उघडण्याआधी

कॅमेरा माझ्या चेहऱ्यावर नको, या झाकणावर ठेवा. स्वयंपाक नुकताच शिकू लागलेल्यांसाठी हे चित्रीकरण आहे. कुकरचा एकेक धोका मी वेगळा घेणार आहे, आणि सुरुवात करणार आहे ती गॅस बंद केल्यानंतरच्या दहा-पंधरा मिनिटांपासून.

नवखा माणूस शिट्टीला घाबरतो. खरं तर शिट्टी वाजते तेव्हा वाफेला बाहेर पडायची वाट मोकळी आहे एवढं आपल्याला कळतं. आवाज थांबला, आता उघडायला हरकत नाही असं वाटलं, की तिथे भाजण्याचा प्रसंग येतो.

उघड्या पातेल्यात पाणी १०० अंशांना उकळतं. कुकर पूर्ण दाबावर असतो तेव्हा आतलं पाणी साधारण १२० अंशांवर गेलेलं असतं, आणि आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा दर चौरस सेंटिमीटरला जवळजवळ एक किलोने जास्त असतो. आता हे झाकण बघा, २० सेंटिमीटर व्यासाचं. त्याचं क्षेत्रफळ ३०० चौरस सेंटिमीटरहून थोडं जास्त भरतं, म्हणजे झाकणाला आतून ३०० किलोंचा रेटा बसतो. चार-पाच मोठी माणसं आतून ढकलत असावीत तसा. वाफ जिरत जिरत दाब दहाव्या हिश्शावर आला, तरी ३० किलोंचा रेटा उरतोच. त्या वेळी शिट्टी हलत नाही, फुसफुस ऐकू येत नाही. कुकर गप्प असतो.

शिवाय पाण्याचं एक वागणं लक्षात घ्या. १२० अंशांवरच्या पाण्यावरचा दाब अचानक काढून घेतला, तर त्यातलं काही पाणी त्याच क्षणी वाफ होतं. दोन लिटर पाणी असेल तर ७० ग्रॅमच्या आसपास. ऐकायला थोडं वाटतं, पण तेवढ्या पाण्याच्या वाफेला शंभर लिटरहून जास्त जागा लागते. ती वर येताना आतलं अन्न सोबत घेऊन येते, आणि समोर आपला चेहरा असतो.

म्हणून पहिला इशारा: दांडा सहज सरकत नसेल तर जोर लावू नका. बाहेरून बसणाऱ्या झाकणाच्या कुकरमध्ये कडेच्या खाचा झाकण धरून ठेवतात. आत दाब असला की त्या एकमेकींवर घट्ट आवळल्या जातात, म्हणून दांडा अडतो. अडलेला दांडा म्हणजे आत वाफ आहे. सांडशी, बत्ता, दुसऱ्याचा हात, काहीही मदतीला घ्यायचं नाही. आतून बसणाऱ्या झाकणाच्या कुकरमध्ये दाबच झाकण वर रेटून कडेला पक्कं बसवतो, त्यामुळे तेही उघडत नाही. त्याच्याशीही झटापट नको.

वाफ जिरली का हे बघायचं असेल तर लांब दांड्याच्या चमच्याने शिट्टी जरा कलती करा. चेहरा आणि हात बाजूला ठेवा. फुस्स झालं की चमचा काढा आणि थांबा. दाब भरपूर असताना शिट्टी उचलून वाफ सोडायची सवय मात्र लावून घेऊ नका. आत डाळ किंवा काही पातळ, फेसाळ असेल तर वाफेबरोबर तेही नळीतून उसळतं.

आता यापुढचा धोका नीट ऐका, कारण आत्ता सांगितलेली खूण तिथे फसवते. शिट्टी कलती केली, फुस्स झालं नाही, म्हणजे दाब नाही, असं आपण धरून चालतो. वाफेची नळी तुंबलेली असेल तर दाब असूनही आवाज येत नाही.

एक उदाहरण घेऊ. तीन लिटरचा कुकर आहे आणि कोणीतरी त्यात डाळ-पाणी मिळून दोन लिटर भरलं. इतर पदार्थांना दोनतृतीयांश भरलेला चालतो, पण डाळी, कडधान्यं आणि तांदूळ फुगतात, फेस धरतात. त्यांना अर्ध्याच्या वर जायचं नाही, म्हणजे इथे दीड लिटर. पण भरलं दोन लिटर. आच मोठी होती, फेस झाकणापर्यंत चढला आणि डाळीचं साल नळीत अडकलं. नेहमी ज्या वेळेला पहिली शिट्टी होते ती वेळ उलटून गेली.

अशा वेळी लांबूनच झाकणाची कड बघा. कडेने वाफ किंवा पाणी गळत असेल तर रिंग नीट बसलेली नाही किंवा कडक झाली आहे. दाब तयारच होत नाही. गॅस बंद करा, निवू द्या, रिंग बघा. पण कड कोरडी आहे, शिट्टी ढिम्म आहे आणि नळीतून वाफेचा धागाही नाही, तर नळी तुंबली असंच समजा. लगेच गॅस बंद करा आणि दूर व्हा. शिट्टीला हात लावू नका, कुकर उचलून दुसरीकडे नेऊ नका. बाहेरच्या बाजूला तळहात आरामात ठेवता येईल इतका तो गार होऊ द्या. तिथून पुढेही थोडा वेळ थांबा, कारण दाट अन्न मधोमध उशिरा निवतं. अर्ध्या तासाहून जास्त वेळ लागू शकतो, लागू द्या.

हे टाळायला काही सेकंद पुरतात. झाकण लावण्याआधी शिट्टी काढा, नळी उजेडाकडे धरा आणि आरपार बघा. उजेड दिसला नाही तर बारीक तार घालून साफ करा. दर वेळी, काल साफ केली असली तरी.

नळी तुंबली की उरतो तो सेफ्टी व्हॉल्व्ह. डेनिस पापँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने १६७९ मध्ये वाफेवर शिजवणारं बंद भांडं दाखवलं. जादा दाब सोडणारी वजनाची झडपही त्याच्याच नावावर आहे. आपली शिट्टी म्हणजे तेच वजन. सेफ्टी व्हॉल्व्ह ही तिच्या मागची दुसरी वाट. अनेक कुकरांत त्यात ठरावीक तापमानाला वितळणारा धातू असतो. तो वितळला तर वाफ तिथून सुटते, म्हणून चालू कुकरवर कधी वाकायचं नाही. आणि गेलेल्या व्हॉल्व्हच्या जागी स्क्रू, लाकडाची खुंटी किंवा दुसऱ्या बनावटीचा व्हॉल्व्ह बसवायचा नाही. त्याच कुकरसाठीचा मिळेपर्यंत कुकर बाजूला ठेवा.

तो का गेला हेही शोधा. एक कारण नळी, दुसरं कारण पाणी संपणं. आत डबे ठेवले तरी तळाला पाणी लागतंच. करपल्याचा वास आला तर गॅस बंद करा आणि आपोआप निवू द्या. तापलेल्या कोरड्या कुकरवर गार पाणी ओतू नका.

उघडताना झाकणाची पलीकडची कड आधी उचला, म्हणजे उरलेली वाफ आपल्यापासून दूर जाते. एवढं करूनही भाजलंच तर अंगठी, घड्याळ, बांगडी लगेच काढा, सूज आल्यावर निघत नाही. भाजलेला भाग नळाच्या वाहत्या गार पाण्याखाली २० मिनिटं धरा. बर्फ, टूथपेस्ट, तूप काही लावू नका. फोड फोडू नका, स्वच्छ कापड सैलसर ठेवा. चेहऱ्यावर, डोळ्यांवर वाफ आली असेल किंवा भाजलेला भाग तळहाताहून मोठा असेल, तर पाणी चालू असतानाच कोणाला तरी दवाखान्यात न्यायची तयारी करायला सांगा.