बालेवाडीचे तीन सेट, मेलबर्नचे पाच

[दृश्य: रात्रीचे दिवे, निळं कोर्ट, गॅलरीतून येणारा टाळ्यांचा आवाज]

जानेवारी २०१८. इतकी वर्षं चेन्नईत होणारी पुरुष टेनिसची एटीपी स्पर्धा पहिल्यांदाच पुण्यात आली होती. बालेवाडीला उपान्त्य सामना चालू होता. एका बाजूला अव्वल मानांकित मारिन चिलिच, तर दुसऱ्या बाजूला फ्रान्सचा जिल सिमॉन, एकेकाळी जगात सहाव्या क्रमांकावर पोचलेला. चिलिचनं पहिला सेट ६-१ असा खिशात घातला. पुढचे दोन मात्र सिमॉनचे, ६-३ आणि ६-२. सामना संपला. चिलिच बाहेर गेला आणि दुसऱ्या दिवशी सिमॉननं केविन अँडरसनलाही हरवून स्पर्धा जिंकली.

त्याच महिन्याच्या शेवटी चिलिच मेलबर्नमध्ये होता, ऑस्ट्रेलियन ओपनच्या अंतिम सामन्यात, रॉजर फेडररसमोर. तिथेही तीन सेटनंतर तो १-२ असा मागे होता. पण तिथे कुणी हात मिळवायला जाळ्याकडे गेलं नाही. चौथा सेट चिलिचनं ६-३ असा घेतला. पाचवा फेडररनं ६-१ असा जिंकला, ती गोष्ट वेगळी.

बालेवाडीत १-२ म्हणजे निकाल. मेलबर्नमध्ये १-२ म्हणजे सामना अजून बाकी. खेळ तोच, चेंडू तोच, जाळ्याची उंची तीच. तरीही तीन सेट की पाच, या एका फरकामुळे फेव्हरिटची जिंकण्याची शक्यता बदलते आणि तिच्याबरोबर सामन्यावरच्या पैजेचा रास्त भावही बदलतो. किती बदलतो, ते आपण मोजून बघूया.

[दृश्य: पांढऱ्या फळ्यावर खडूऐवजी मार्कर, एक हात आकडे लिहितोय]

एक काल्पनिक फेव्हरिट धरू. कुठलाही एक सेट जिंकण्याची त्याची शक्यता ७० टक्के आहे आणि प्रत्येक सेट आधीच्या सेटपासून अलिप्त आहे, असं आत्तापुरतं मानू. हे मानणं कुठे फसतं, तेही पुढे येईल.

तीन सेटच्या सामन्यात त्याला दोन सेट हवेत. असे हजार सामने झाले तर ४९० तो सरळ दोन सेटमध्ये जिंकेल, २९४ तिसऱ्या सेटपर्यंत जाऊन. एकूण ७८४. पाच सेटच्या सामन्यात त्याला तीन सेट हवेत. तिथे ३४३ सामने तीन सेटमध्ये, ३०९ चार सेटमध्ये, १८५ पाच सेटमध्ये. एकूण ८३७.

म्हणजे हजारात ५३ सामने जास्त. मला इथे थांबावंसं वाटतं, कारण ५३ हा आकडा दिसतो तेवढा सरळ नाही. तो दोन आकड्यांची वजाबाकी आहे.

या हजारही सामन्यांत तीन सेट झाल्यावर आपण घड्याळ थांबवलं, असं समजा. ज्या २१६ सामन्यांत फेव्हरिट तीन सेटच्या हिशेबानं हरलेला असतो, त्यातले जवळजवळ ९३ तो पुढे खेळून फिरवतो. पण ज्या ७८४ सामन्यांत तो जिंकलेला असतो, त्यातले ४० समोरचा फिरवतो. ९३ मिळाले, ४० गेले, हातात राहिले ५३. लांबलेल्या सामन्यात नशीब दोघांनाही दार उघडून देतं, फक्त फेव्हरिट त्या दारातून दुपटीहून जास्त वेळा आत येतो.

[दृश्य: न्यूयॉर्क, मॅडिसन स्क्वेअर गार्डन, १९९०]

घड्याळ थांबवण्याचा हा खेळ प्रत्यक्षात बघायचा असेल, तर महिला टेनिसचं एक विसरलेलं पान उघडावं लागतं. १९८४ ते १९९८ या काळात महिलांच्या वर्षअखेरच्या स्पर्धेचा अंतिम सामना पाच सेटचा असे. त्याआधीच्या फेऱ्या मात्र तीन सेटच्या. एकाच आठवड्यात, एकाच कोर्टवर, दोन वेगळी मापं!

१९९०च्या अंतिम फेरीत सोळा वर्षांची मोनिका सेलेस आणि गॅब्रिएला साबातिनी समोरासमोर आल्या. त्या वर्षीची फ्रेंच ओपन सेलेसनं जिंकली होती, यूएस ओपन साबातिनीनं. पहिला सेट सेलेस, ६-४. दुसरा साबातिनी, ७-५. तिसराही साबातिनी, ६-३. उपान्त्य फेरीच्या नियमानं साबातिनी इथे विजेती ठरली असती. पण हा अंतिम सामना होता. सेलेसनं पुढचे दोन सेट ६-४, ६-२ असे घेतले आणि करंडक तिच्याकडे गेला. आपल्या हिशेबातल्या त्या फिरवलेल्या सामन्यांचं इतकं नेमकं उदाहरण दुसरं मला माहीत नाही.

उलट बाजूही दाखवली पाहिजे. २०११च्या विम्बल्डनला उपान्त्यपूर्व फेरीत फेडरर जो-विल्फ्रेड त्सोंगाविरुद्ध दोन सेटनं पुढे होता. तीन सेटचा सामना असता तर फेडरर तिथेच जिंकला होता. पुढचे तीनही सेट त्सोंगानं ६-४, ६-४, ६-४ असे घेतले. ग्रँड स्लॅममध्ये दोन सेटची आघाडी घेऊन फेडरर हरण्याची ती पहिलीच वेळ. त्या चाळीस सामन्यांतला हा एक.

[दृश्य: फळ्यावर दोन रकाने]

आता भावाकडे येऊ. रास्त भाव म्हणजे ज्यात कुणाचाच नफा मिसळलेला नाही असा भाव. तो काढायला एकाला शक्यतेनं भागायचं. ७८.४ टक्क्यांचा भाव १.२८, म्हणजे एक रुपया लावला आणि फेव्हरिट जिंकला तर १ रुपया २८ पैसे परत. पाच सेटला शक्यता ८३.७ टक्के, भाव १.१९.

नऊ पैशांचा फरक. ऐकायला किरकोळ वाटतो. पण समोरच्या खेळाडूचा भाव बघा. तीन सेटला त्याचा रास्त भाव ४.६३ आहे, पाच सेटला ६.१३. फेव्हरिट आणखी तगडा घेतला, सेट जिंकण्याची शक्यता ८० टक्के, तर त्याचा स्वतःचा भाव १.१२ वरून १.०६ वर येतो आणि समोरच्याचा ९.६ वरून एकदम १७.३ वर जातो. सामना लांबला की दुबळ्याचा भाव असा ताणला जातो. म्हणून जानेवारीत छोट्या स्पर्धेतला भाव डोक्यात ठेवून जो मेलबर्नचा भाव जोखतो, त्याला दुबळ्याचा भाव फार उदार वाटतो. तो उदार नसतो, पाच सेटचा असतो.

दोघे तुल्यबळ असतील तर मात्र यात फारसं काही नाही. सेटची शक्यता ५५ टक्के असेल तर तीन सेटला ५७.५ आणि पाच सेटला ५९.३. इतका फरक तर कोर्ट ओलं की कोरडं, यातही निघेल.

खरी गंमत सामना चालू असताना दिसते. आपला ७० टक्केवाला फेव्हरिट पहिला सेट हरला. तीन सेटच्या सामन्यात आता त्याला दोन्ही सेट हवेत, शक्यता ४९ टक्के, भाव २.०४. तो आता फेव्हरिटच राहिला नाही. पाच सेटच्या सामन्यात तेवढ्याच चुकीनंतरही त्याची शक्यता ६५ टक्के आहे, भाव १.५३. आणि जिथे बालेवाडीचा सामना संपला, त्या १-२ वर, पाच सेटमध्ये त्याच्याकडे अजून ४९ टक्के शिल्लक असतात. दोन सेटनं मागे असला तरी ३४ टक्के.

चिलिचची सेटची शक्यता त्या दिवशी ७० टक्के होती, असा माझा दावा नाही. तो आकडा कुणालाच थेट दिसत नाही, आणि हिशेब फसतो तो नेमका इथेच.

[दृश्य: ड्रेसिंग रूमचा रिकामा बाक, टॉवेल]

आपण धरलं की सत्तर म्हणजे रोज सत्तर. प्रत्यक्षात खेळाडू कधी पाठ धरल्यासारखा येतो, कधी सर्व्हिस हवी तिथे पडते. समजा अर्ध्या दिवशी आपल्या फेव्हरिटची शक्यता ८० आहे आणि अर्ध्या दिवशी ६०. सरासरी तीच, सत्तर. पण आता तीन सेटला त्याची शक्यता ७७.२ टक्के येते आणि पाच सेटला ८१.२. पाच टक्क्यांच्यावर असलेली वाढ चारवर आली. कारण वाईट दिवशी जास्तीचे दोन सेट मिळाले तरी ते त्याच वाईट दिवसाचे असतात.

याचा भावावर परिणाम सरळ आहे. तीन सेटच्या ७७.२ टक्क्यांवरून सूत्रानं उलटं जाऊन पाच सेटचा भाव काढला, तर १.२१ येतो. दिवसाची चढउतार धरली तर १.२३. म्हणजे सूत्र फेव्हरिटला थोडं जास्तच चढवतं. दुखापतीतून परतलेला किंवा लहरी खेळाडू असेल, तर ही चूक आणखी मोठी होते.

दुसरी चूक त्याहून साधी आहे. जाहीर झालेला भाव रास्त नसतो. एका बाजूला १.२५ आणि दुसऱ्या बाजूला ४.०० असा भाव असेल, तर शक्यता होतात ८० आणि २५. बेरीज १०५. वरचे पाच हा भाव देणाऱ्याचा वाटा. तो काढून टाकल्याशिवाय तीन सेटवरून पाच सेटवर उडी मारली, तर चूकही सामन्याबरोबर ताणली जाते. आणि हा वाटा दोन्ही बाजूंना सारखा नसतो, बहुधा दुबळ्याच्या भावावर जास्त लादलेला असतो.

[दृश्य: पॅरिस, लाल माती, सावल्या लांब झालेल्या]

तिसरी गोष्ट आहे शरीर. २०२१ची फ्रेंच ओपन, चौथी फेरी. एकोणीस वर्षांच्या लोरेन्झो मुसेत्तीनं नोवाक जोकोविचकडून पहिले दोन्ही सेट टायब्रेकमध्ये हिसकावले. इतर कुठल्याही आठवड्यात, तीन सेटच्या स्पर्धेत, हा त्याचा मोठा विजय ठरला असता. पॅरिसमध्ये तो अर्ध्या वाटेवर होता. तिसरा सेट जोकोविचचा ६-१, चौथा ६-०. पाचव्यात ४-० झालं आणि मुसेत्तीनं माघार घेतली. दुसऱ्या सेटनंतरच्या सतरा गेममधले सोळा जोकोविचचे.

आपल्या सूत्राच्या दृष्टीनं तिसरा, चौथा, पाचवा सेट पहिल्यासारखाच असतो. त्या दुपारी तसं नव्हतं. दोन टायब्रेक खेळून थकलेला मुसेत्ती आणि पहिल्या सेटमधला मुसेत्ती यांची सेट जिंकण्याची शक्यता एकच धरणारा कुठलाही भाव रास्त असू शकत नाही. दोन सेटनं मागे पडलेल्या जोकोविचला ३४ टक्के द्यायचे की त्याहून जास्त, हे ठरवायला फळ्यावरचा आकडा पुरत नव्हता. दुसरा टायब्रेक संपल्यावर मुसेत्ती खुर्चीकडे कसा चालत गेला, ते बघावं लागत होतं.