दहा दुरुस्त्या आणि पाकिटावरची एक

मंडळी, आज मी एका चिठ्ठीबद्दल बोलणार आहे. चिठ्ठी इंग्रजीत आहे आणि ती लिहिणारा मुलगा रावेरकडचा. केळीच्या गाड्या भरतो, त्यांची बिलंही तोच करतो. त्याला शाळेत पाच वर्षं इंग्रजी शिकवणारे सर मे अखेरीस निवृत्त होणार होते. ५८ पूर्ण झाली की महिन्याच्या शेवटच्या तारखेला घंटा वाजते, हे इथल्या शिक्षकांना मी काय सांगावं! तर हा मुलगा वहीचा कागद घेऊन माझ्याकडे आला आणि म्हणाला, "सर, स्पेलिंग नि ग्रामर देखी ल्या. बाकी मन्हं शे, तसंच ऱ्हाऊ द्या."

ही अट मला पूर्वी कुणी घातली असती तर एक फजिती टळली असती. कारण असंच एक पत्र मी एकदा "जरा बरं" करून दिलं होतं. 'थँकफुल' खोडून तिथे 'इनडेटेड' घातलं. निरोप समारंभात गुरुजींनी पत्र वाचलं, चष्मा कपाळावर चढवला आणि त्या पोराला विचारलं, "इनडेटेड म्हणजे काय रे?" पोरगं माझ्याकडे बघायला लागलं. आभार माझे झाले, त्याचे राहिलेच नाहीत.

म्हणून या वेळी पेन नाही, पेन्सिल घेतली. आधी फक्त स्पेलिंग पाहायचं, आणि तेही शेवटच्या शब्दापासून उलटं वाचत. सरळ वाचलं की डोळा अर्थामागे धावतो आणि चुकलेला शब्दही बरोबर दिसतो. पहिलीच ओळ होती, 'आय अ‍ॅम व्हेरी ग्रेटफुल टू यू', आणि त्यात ग्रेटफुलचं स्पेलिंग त्याने जी-आर-ई-ए-टी असं सुरू केलं होतं. बिचाऱ्याचा तर्क चांगला: सर ग्रेट, म्हणून मी ग्रेटफुल! पण हा शब्द 'ग्रॅटिट्यूड'च्या घरातला. तिथे जी-आर-ए-टी, मग ई. ही चूक फोनसुद्धा लाल रेघ मारून दाखवतो. पुढे मात्र 'आय डिड नॉट लूज होप' होतं, दोन ओ घालून. दोन ओचा लूज म्हणजे सैल. आशा गमावायची तर एकच ओ लागतो. लाल रेघ इथे येईलच असं नाही, कारण सैल हाही शब्द खराच आहे. शेवटी 'युवर्स स्टुडंट' होतं, आणि एसच्या आधी वर एक टिंब लटकवलेलं, म्हणजे अपॉस्ट्रॉफी. 'युवर्स'ला ती कधीच लागत नाही, आणि पुढे 'स्टुडंट' आलं की तो एसही नको. नुसतं 'युवर स्टुडंट'.

व्याकरणाला मात्र मोठ्याने वाचलं. 'यू टीच्ड मी इंग्लिश सिन्स फाइव्ह इयर्स.' टीच्डचं टॉट केलं. 'सिन्स'ची भानगड आपल्या घरातली आहे. आपण "पाच वर्षांपासून" म्हणतो, म्हणून मुलं सरळ सिन्स लावतात. इंग्रजीत सिन्सपुढे सुरुवातीची वेळ येते, अमुक सालापासून. किती काळ हे सांगायचं तर फॉर. शिवाय हे शिकवणं आता संपलेलं आहे, त्यामुळे 'टॉट मी फॉर फाइव्ह इयर्स' एवढं पुरे.

पुढचं वाक्य मला सगळ्यात आवडलं. 'व्हेन आय वॉज इन एट्थ स्टँडर्ड, यू हॅड गिव्हन मी युवर ओन डिक्शनरी.' मराठीत ऐका: मी आठवीत होतो तेव्हा तुम्ही मला तुमचा शब्दकोश दिला होता. काय चुकलं? मराठीत काहीच नाही. जुनी गोष्ट आठवून सांगताना आपण "दिला होता", "गेलो होतो" म्हणतो, तो "होता" नुसता काळाचं अंतर दाखवतो. इंग्रजीतला 'हॅड' असा एकटा राहत नाही. भूतकाळातली दुसरी एखादी घटना असेल, आणि ही तिच्याही आधी घडलेली असेल, तरच तो येतो. 'हॅड गिव्हन' ठेवलं तर अर्थ असा निघतो की मुलगा आठवीत जायच्या आधीच कोश देऊन झाला होता. मी 'गेव्ह' केलं. आपल्या मुलांच्या वह्यांमध्ये हा फालतू हॅड शेकड्याने सापडतो, आणि आपणही लाल शाईने नुसती रेघ मारतो, कारण सांगत नाही.

मग 'यू गॉट अँग्री ऑन मी मेनी टाइम्स'. माझ्यावर रागावलात, म्हणून ऑन. ते 'विथ' केलं. रागाला हात लावला नाही. आभाराच्या पत्रात गुरुजींचा राग कशाला, असं वाटणं साहजिक आहे, पण ते ठरवणारा मी कोण? 'सो मेनी अ‍ॅडव्हायसेस'चं 'सो मच अ‍ॅडव्हाइस' झालं, कारण इंग्रजीत सल्ला मोजत नाहीत. 'बेस्ट टीचर'ला आधी 'द' दिला. 'मे गॉड गिव्हज'मधला एस काढला. मे आला की मागून मूळ क्रियापदच येतं. झाल्या दहा.

आता न केलेल्या दुरुस्त्या. 'आय पास्ड आउट फ्रॉम स्कूल' असं त्याने लिहिलं होतं. विलायतेत याचा अर्थ बेशुद्ध पडलो असा घेतील. इथे मी समासात प्रश्नचिन्ह काढलं आणि त्यालाच विचारलं. तो म्हणाला, "सर पण असंच म्हनतस." संपलं. वाचणारा विलायतेत नाही, इथेच आहे.

आणि हे वाक्य: 'यू गेव्ह अस इंग्लिश लाइक ड्रिप गिव्हज वॉटर टू बनाना, ड्रॉप बाय ड्रॉप.' इथे माझी पेन्सिल बराच वेळ थांबली. कडक व्याकरणवाले म्हणतील, पुढे पूर्ण वाक्य आलं की 'लाइक' नको, 'अ‍ॅज' हवं. बोलण्यात लाइक सर्रास चालतं, चांगले लिहिणारेही वापरतात. म्हणजे ही चूक की सवय, यावर इंग्रजांचंच एकमत नाही. 'ड्रिप'आधीही 'द' हवा, असं कुणी म्हणेल. आपल्याकडे मात्र ठिबक ही वस्तू कमी आणि पाण्यासारखी गोष्ट जास्त आहे. नियम जिथे स्वतःच डळमळतो तिथे दुरुस्ती करायची नाही, असं मी ठरवलं आणि ते वाक्य जसंच्या तसं सोडलं. 'नर्चर' वगैरे शब्द सुचले होते, खोटं कशाला बोलू.

चिठ्ठी त्याने स्वतःच्या हाताने पुन्हा लिहून काढली. मी लिहून देतो म्हटलं तर नको म्हणाला. मग पाकीट पुढे केलं, आणि त्यावर सरांचं आडनाव. ते मी सांगत नाही, पण चौधरी जसं कुणी ए-यू घालून लिहितं, कुणी ओ-यू, शेवटी कुणी आय तर कुणी वाय, तसलाच प्रकार होता. याला शब्दकोश नाही आणि नियमही नाही. माणूस स्वतः सही करतो तेच त्याचं स्पेलिंग. मी म्हटलं, जुना दाखला बघ, प्रगतिपुस्तक बघ. तो घरी गेला आणि संध्याकाळी फोन आला. सही सापडली होती, त्या आठवीत मिळालेल्या कोशाच्या पहिल्या पानावर. पाकिटावर एक अक्षर चुकलं होतं.