मिसळीच्या बोलण्याचं निव्वळ मराठी करताना

नमस्कार, श्रोतेहो.

समजा, एका मुलाखतीचं ध्वनिमुद्रण आपल्यासमोर आहे. एक तरुणी आईच्या आजारपणाबद्दल सांगतेय, "अ‍ॅक्च्युअली काय झालं, डॉक्टर म्हणाले पेशंट स्टेबल आहे, पण इन्शुरन्सचं अप्रूव्हल आलं नव्हतं, म्हणून डिस्चार्ज डिले झाला. मी इतकी फ्रस्ट्रेट झाले! ते यायला संध्याकाळ झाली. आई म्हणत होती, टेन्शन घेऊ नको." रोज कानावर पडणारं बोलणं. आता हे छापायचंय, आणि तेही मराठीत.

पहिला मोह होतो तो एकेक इंग्रजी शब्द उचलून त्या जागी मराठी शब्द बसवायचा. मग वाक्य होतं, "वस्तुतः काय झालं, रुग्ण स्थिर आहे, पण विम्याची मान्यता आली नव्हती, म्हणून मुक्तता विलंबित झाली. मी इतकी निराश झाले!" शब्द सगळे मराठी, पण असं बोलणारी मुलगी उभ्या महाराष्ट्रात सापडायची नाही.

गंमत अशी की तिच्या मूळ वाक्याची बांधणी मराठीच होती. क्रियापदं मराठी, विभक्ती मराठी, शब्दांचा क्रमही मराठी. इंग्रजीतून आले होते ते फक्त सुटे शब्द, बहुतेक नामं आणि विशेषणं, त्यांना आपलं 'होणे' किंवा 'घेणे' जोडलेलं. म्हणून मी नाम बदलत बसत नाही, नाम आणि क्रियापद मिळून जे काम करतात ते एकदम उचलतो. 'डिस्चार्ज डिले झाला' याचं 'घरी सोडायला उशीर झाला' होतं. 'डिस्चार्ज'साठी वेगळं नाम शोधावंच लागत नाही, ते क्रियापदात विरून जातं. 'फ्रस्ट्रेट झाले' म्हणजे इथे 'वैतागले'. शब्दकोश 'निराश' सुचवेल, पण तिची आशा सुटली नव्हती, चिडचिड झाली होती. आणि 'अ‍ॅक्च्युअली काय झालं'चं सरळ 'झालं असं की'. त्या 'अ‍ॅक्च्युअली'ला अर्थ नसतोच, बोलणारा श्वास घेत असतो.

'स्टेबल'ला मात्र जपून हात लावावा. 'आई आता बरी आहे' हे कानाला गोड लागतं, पण डॉक्टर तसं म्हणाले नव्हते. प्रकृती स्थिर असणं म्हणजे ती बिघडत नाहीये, एवढंच. ओघासाठी अर्थ वाढवून चालत नाही.

आता एक बारीक खड्डा. 'अप्रूव्हल' तिच्या तोंडी नपुंसकलिंगी होतं, 'आलं नव्हतं'. त्याची 'मंजुरी' केली की ती स्त्रीलिंगी होते, 'आली नव्हती'. इथवर सगळ्यांच्या लक्षात येतं. पण एक वाक्य सोडून पुढे 'ते यायला संध्याकाळ झाली' असं आहे, तिथलं 'ते' तसंच राहून जातं आणि वाचणाऱ्याला वाटतं, डॉक्टर यायला संध्याकाळ झाली! म्हणून नाम बदललं की त्याच्यामागे चालत आलेली सर्वनामं आणि क्रियापदं परिच्छेदाच्या शेवटापर्यंत तपासायची. मूळ मजकूर झाकून ठेवून आपलं भाषांतर मोठ्यानं वाचलं की अशा जागा कानाला टोचतात.

मग 'टेन्शन'चं काय? मी ते ठेवीन. बस, डॉक्टर, स्टेशन यांच्यासारखं तेही घरचंच झालंय. सावरकरांनी सुचवलेले 'महापौर', 'दिग्दर्शक' रुळले हे खरं, पण आई लेकीला 'तणाव घेऊ नकोस' म्हणत नाही. अगदी निव्वळ मराठीचाच आग्रह असेल तर 'काळजी करू नको', तेही छान.

हाच उतारा इंग्रजीत न्यायचा असेल तर धोका उलटा. इंग्रजी शब्द दिसला की भाषांतरकार तो जसाच्या तसा उतरवतो. पण मराठी माणसाच्या तोंडचं 'टेन्शन' म्हणजे बहुधा साधी काळजी. आपला मुलगा इंजिनिअरिंगला 'पास आउट' होतो तेव्हा त्याला पदवी मिळालेली असते. लंडनमधल्या वाचकाला वाटेल, बिचारा चक्कर येऊन पडला.

आता सगळ्यात अवघड जागा. ती मुलगी पुढे सांगते, "काउंटरवरचा माणूस म्हणाला, मॅडम, प्रोसेस आहे, वेट करावं लागेल." इथली इंग्रजी सवयीची नाही. त्या इंग्रजीच्या आडून तो माणूस अंतर राखतोय, आणि मुलगीही त्याची नक्कल करून तेच दाखवतेय. 'थांबावं लागेल' एवढंच लिहिलं तर तो उगाच मवाळ होतो. मराठीतही असं अंतर राखणारी भाषा आहे, ती कचेरीत ऐकू येते. तिथून उचललं की तो माणूस म्हणतो, "मॅडम, सगळं रीतसर होईल, आपण प्रतीक्षा करावी." तिच्या तोंडची 'प्रतीक्षा' मी खोडली असती. त्याच्या तोंडी ती राहू देतो.