उधारीची मुदत आणि बाकीवरची सही

(सोलापुरात सूत व्यापारी आणि यंत्रमाग कारखानदारांसमोर एका दिवाणी वकिलाने दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, सुताची उधारी कशी चालते हे मी तुम्हाला सांगायची गरज नाही. पूर्व भागातला कारखानदार सूत उचलतो, चादर किंवा टॉवेल विकला गेला की पैसे येतात, बाजार मंदावला की येत नाहीत. मग "दिवाळीनंतर बघू", "यात्रेनंतर बघू" असं चालतं. ओळख जुनी असते, दोघांच्या वडिलांपासूनची असते, त्यामुळे कोर्टात जायचं कोणाच्या जिवावर येतं. आणि ज्या दिवशी जायचं ठरतं त्या दिवशी वकील पहिला प्रश्न विचारतो, बिल कधीचं आहे?

हा प्रश्न वकिलाने विचारला नाही तर न्यायाधीश विचारतात. मुदत कायदा 1963 चं कलम 3 सांगतं की मुदतीनंतर दाखल झालेला दावा फेटाळायचाच, मग समोरच्याने मुदतीचा मुद्दा काढलेला असो वा नसो. अपिलाला उशीर झाला तर कलम 5 खाली कारण दाखवून उशीर माफ करून घेता येतो. दाव्याला ती सोय नाही. आजारी होतो, वडील वारले, समोरच्याने झुलवत ठेवलं, यातलं काहीही दाव्याचा उशीर माफ करायला चालत नाही. एकदा मुदत सुरू झाली की नंतर आलेल्या अडचणीने ती थांबत नाही, हे कलम 9 मध्ये स्वच्छ लिहिलेलं आहे.

उधारीवर विकलेल्या मालाच्या पैशांसाठी मुदत तीन वर्षांची. हे बहुतेकांना माहीत असतं. चूक होते ती तीन वर्षं कधीपासून मोजायची यात. लोक शेवटच्या तगाद्यापासून मोजतात, नोटिशीपासून मोजतात, समोरच्याने शेवटचा "नाही" म्हटल्यापासून मोजतात. कायद्याच्या परिशिष्टात दोन अनुच्छेद आहेत. बिलावर उधारीची मुदत ठरलेली नसेल तर अनुच्छेद 14, म्हणजे माल दिल्याच्या तारखेपासून. साठ दिवस, नव्वद दिवस अशी उधारी ठरलेली असेल तर अनुच्छेद 15, म्हणजे ती उधारी संपल्यापासून. आणि प्रत्येक बिलाचं घड्याळ वेगळं चालतं.

एक हिशेब मांडू या. नावं घेत नाही, व्यापारी आणि कारखानदार एवढंच म्हणू.

पहिलं बिल एक लाख चौऱ्याऐंशी हजारांचं, सूत पोचलं 10 जून 2022 ला, बिलावर साठ दिवसांची उधारी. साठ दिवस संपतात 9 ऑगस्ट 2022 ला. तो दिवस मोजायचा नाही, म्हणून दाव्याचा शेवटचा दिवस 9 ऑगस्ट 2025. तो दिवस निघाला दुसरा शनिवार, कोर्ट बंद, पुढे रविवार. अशा वेळी कलम 4 प्रमाणे कोर्ट उघडेल त्या दिवशी, म्हणजे सोमवारी 11 तारखेला दावा दाखल केला तरी चालतो. हे सवलतीचे दोन दिवस आहेत, पण मी कुणाला त्यांच्या भरवशावर राहू देत नाही.

दुसरं बिल दोन लाख सव्वीस हजारांचं. माल गेला 5 सप्टेंबर 2022 ला. त्या दिवशी मुनीम नवीन होता, त्याने बिलावर उधारीचे दिवस लिहिलेच नाहीत. वेगळा करार सिद्ध झाला नाही तर अनुच्छेद 14 लागतो आणि मुदत 5 सप्टेंबर 2025 ला संपते. एका रकान्यात काही न लिहिल्यामुळे व्यापाऱ्याचे साठ दिवस गेले.

तिसरं बिल एक लाख नव्वद हजारांचं, 20 जानेवारी 2023 चं, पुन्हा साठ दिवसांची उधारी. ती 21 मार्च 2023 ला संपली, म्हणून मुदत 21 मार्च 2026 पर्यंत. एकूण येणं सहा लाख.

इथे कोणीतरी म्हणतंच, "साहेब, आमचं चालू खातं आहे, शेवटच्या नोंदीपासून धरा." नुसतं खातं चालू आहे म्हणून ते होत नाही. अनुच्छेद 1 परस्पर खात्यासाठी आहे. तुम्ही त्याला सूत विकता आणि तो तुम्हाला स्वतंत्रपणे टॉवेल विकतो, कधी तुम्ही त्याचं देणं लागता, कधी तो तुमचं, असे दोन्हीकडून स्वतंत्र व्यवहार असतील तर शेवटच्या नोंदीचं वर्ष संपल्यापासून तीन वर्षं मिळतात. एका बाजूने माल आणि दुसऱ्या बाजूने फक्त पैसे, हे परस्पर खातं नव्हे. सुताच्या पैशापोटी टॉवेल दिले असतील तरी ते फेडीचंच एक रूप.

आता कलम 18, म्हणजे लेखी आणि सहीच्या कबुलीने मिळणारी नवी मुदत. आपल्या कारखानदाराला व्यापाऱ्याने मार्च 2025 अखेरचा खातेउतारा पाठवला. तिन्ही बिलं तारखेसकट, खाली बाकी सहा लाख. कारखानदाराने त्यावर "बाकी बरोबर आहे" असं लिहिलं, सही केली, तारीख घातली 21 एप्रिल 2025. त्या दिवशी तिन्ही बिलं मुदतीत होती. त्यामुळे तिघांचीही नवी तीन वर्षं 21 एप्रिल 2025 पासून सुरू झाली आणि दावा 21 एप्रिल 2028 पर्यंत करता येतो. उतारा 31 मार्चचा असला तरी मोजायची ती सहीची तारीख. जुन्या मुदतीत उरलेले दिवस यात मिळवत नाहीत, सहीपासून नवीन मोजणी होते.

आता हीच सही, हेच शब्द, पण तारीख 25 सप्टेंबर 2025 अशी समजा. पहिलं बिल ऑगस्टमध्ये गेलं, दुसरं 5 सप्टेंबरला गेलं. जिवंत राहिलं फक्त तिसरं. चार लाख दहा हजारांवर सही आहे, कबुली आहे, आणि कलम 18 तिथे उपयोगाचं नाही. कबुली जुनी मुदत संपण्याआधी झालेली असली पाहिजे. मुदत लांबते ती जिवंत असतानाच.

कबुली कशी असावी याबाबत कायदा मात्र उदार आहे. रक्कम नेमकी लिहिलेली नसली तरी चालते. "बाकी आहे, पण अजून द्यायची वेळ आलेली नाही" असं लिहिलं तरी चालतं. "बाकी आहे, पण देणार नाही" असं लिहिलं तरी ती कबुलीच. पत्र व्यापाऱ्याऐवजी तिसऱ्याच माणसाला लिहिलेलं असलं तरी चालतं. म्हणूनच मी नोटिशीच्या उत्तराची वाट बघतो. नोटीस पाठवल्याने मुदत एका दिवसानेही वाढत नाही. पण समोरच्याचं सहीचं उत्तर येतं, "आपल्या सुतात तुटीचं प्रमाण फार निघालं, आमच्या नुकसानीची वजावट करून उरलेली बाकी देऊ." त्याला वाटतं आपण तक्रार केली. वजावटीची मागणी जोडलेली असली तरी देणं मान्य केल्याचा अर्थ त्यातून निघतो आणि कलम 18 चं स्पष्टीकरण तेवढ्याला पुरेसं मानतं. याउलट "तुमच्याशी आमचा कसलाही व्यवहार नाही" अशा उत्तरातून काही मिळत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 1961 च्या एका निकालात सांगितलेली कसोटी हीच आहे. लिहिणाऱ्याला धनको आणि ऋणको हे नातं त्या दिवशी आहे असं मान्य करायचं होतं का, ते शब्दांतून दिसलं पाहिजे.

सही कोणाची, हा पुढचा वांधा. ज्याच्यावर देणं आहे त्याची, किंवा त्याने अधिकार दिलेल्या माणसाची. कारखान्यात बसलेल्या भाच्याने "माल मिळाला" म्हणून चलनावर केलेली सही ही मालाची पोच आहे, बाकीची कबुली नव्हे. भागीदारी पेढी असेल तर एका भागीदाराच्या सहीमुळेच दुसरे बांधले जातात असं नाही, असं कलम 20 म्हणतं. म्हणून पेढीच्या नावाचा शिक्का घ्या, "करिता" लिहून घ्या, आणि जो रोजचा व्यवहार बघतो त्याची सही घ्या. एकत्र कुटुंबाचा धंदा असेल तर कर्त्याची सही कुटुंबाला लागू होते.

फोनवर कबूल केलं, याचा कलम 18 ला उपयोग नाही. ईमेलमधली कबुली कर्नाटक उच्च न्यायालयाने धरलेली आहे. व्हॉट्सअॅपवर आलेल्या "हो शेठ, देतो" वर मी दावा लावीन, पण त्यावर झोपणार नाही. तो नंबर कोणाचा, कशाबद्दल "हो", सही कुठे, यावरच वर्षं जातात. कागदावर सही मिळत असताना मेसेजवर समाधान मानू नका.

कलम 19 थोडक्यात सांगतो. मुदतीत असताना काही रक्कम दिली तर त्या भरण्यापासून नवी मुदत मिळते. अट अशी की भरणा केल्याची नोंद भरणाऱ्याच्या हस्ताक्षरात किंवा सहीनिशी असली पाहिजे. त्याने स्वतः सही केलेला धनादेश यात बसतो. तुम्ही रोख घेऊन तुमच्याच वहीत जमा केलेत, तर ती नोंद तुमची, त्याची नव्हे. बँकेतून थेट किंवा मोबाईलवरून पैसे आले तर त्याच्याकडून दोन ओळी लिहून घ्या, "अमुक बाकीपोटी वीस हजार भरले." आणि त्याने नेमक्या एका बिलाची रक्कम भरली असेल तर तेवढं बिल फिटलं म्हणून तो मोकळा होऊ शकतो, बाकीच्या बिलांना त्या भरण्याचा आधार मिळणं कठीण.

आता त्या मेलेल्या चार लाख दहा हजारांचं काय? मुदतबाह्य कर्ज म्हणजे कर्ज नाहीसं झालं असं नव्हे, कोर्टातून वसूल करण्याचा मार्ग बंद झाला. कारखानदाराने आपणहून दिले तर ते तुम्ही ठेवू शकता. आणि करार कायदा 1872 चं कलम 25, पोटकलम 3 एक वाट ठेवतं. मुदत गेलेलं देणं देण्याचं लेखी आणि सहीचं वचन हा नवा करार ठरतो. पण तिथे "बाकी बरोबर आहे" एवढ्याने भागत नाही, "ही रक्कम मी देईन" असं वचन हवं. म्हणून खातेउताऱ्याच्या खाली मी नेहमी दोन्ही वाक्यं छापून घ्यायला सांगतो. "वरील बाकी मला मान्य आहे व ती मी देईन." सहीच्या वेळी एखादं बिल मुदतीबाहेर गेलेलं असेल तर दुसरं वाक्य उपयोगी पडतं. ते बिल कोणतं याचा हिशेब सही करणाऱ्याला ठेवावा लागत नाही.

शेवटी दाव्याच्या कागदाबद्दल. कबुलीपत्र फाईलमध्ये आहे, पण दाव्यात त्याचा उल्लेखच नाही, असं होतं. दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश 7, नियम 6 सांगतो की मुदत उलटलेली दिसत असेल तर सूट कशामुळे मिळते ते दाव्यातच लिहायचं. बिलाची तारीख, सहीची तारीख, मुदत कोणत्या कलमाखाली वाढली, सगळं. नाही लिहिलं तर दावा वाचूनच तो मुदतबाह्य आहे म्हणून नियम 11 खाली नाकारण्याचा अर्ज येतो. सहीवर तारीख नसेल तर सही कधी झाली याचा तोंडी पुरावा देता येतो, पण त्यासाठी सही होताना हजर असलेला माणूस लागतो. तीन लाख किंवा त्याहून जास्त रकमेचा व्यापारी वाद असेल आणि तातडीचा दिलासा मागायचा नसेल, तर दाव्याआधी मध्यस्थीला जाणं बंधनकारक आहे. तिथे गेलेला काळ मुदतीत धरत नाहीत, पण मध्यस्थीचा अर्ज मुदतीतच द्यायला हवा. तेव्हा वकिलाकडे येताना मूळ उतारा आणा, झेरॉक्स नको, आणि तिन्ही बिलांची चलनं सोबत आणा.