भाड्याच्या घरासाठी सोबतचे पत्र

श्रोतेहो, नमस्कार. पुण्यात भाड्याचे घर मागताना कागदपत्रांच्या वर एक छोटे पत्र जोडले, तर घरमालक बाकीचे कागद उघडण्याआधी ते वाचू शकतो. त्या पत्राविषयी आज बोलायचे आहे.

माझा भाचा हिंजवडीच्या एका कंपनीत नोकरी करतो. कोथरूडमध्ये बावीस हजार भाड्याचे घर त्याला आवडले होते आणि घरमालक होते बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ. भाच्याने दीड पानाचे पत्र लिहिले. त्यात शिक्षण होते, स्वभाव होता, आणि ‘वार्षिक पॅकेज नऊ लाख’ असा उल्लेख होता. घरमालकांनी नऊ लाखांना बाराने भागून पंचाहत्तर हजार काढले आणि सोबतचे बँकेचे विवरण उघडले, तर तिथे दरमहा चौसष्ट हजारच जमा होत होते. भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी आणि व्यवसाय कर यांमुळे पडणारा हा फरक त्यांना ठाऊक नव्हता असे नाही. पण हा फरक पत्रातच का सांगितला नाही, असे त्यांनी दलालामार्फत विचारले.

मग आम्ही पत्र नव्याने लिहिले. “आम्ही पती-पत्नी दोघेच राहणार आहोत. मी सध्याच्या कंपनीत तीन वर्षांपासून कायम नोकरीत असून, दरमहा हातात चौसष्ट हजार रुपये येतात. आपले भाडे त्याच्या साधारण एक तृतीयांश होते. याआधी कर्वेनगरला दोन वर्षे राहिलो, भाडे दरमहा पाच तारखेच्या आत दिले, आणि तेथील घरमालकीणबाईंनी आपल्याशी बोलण्यास संमती दिली आहे. त्यांचा क्रमांक खाली देत आहे.” पत्र एवढेच होते. गृहस्थांनी त्याच संध्याकाळी त्या बाईंना फोन केला आणि घर सोडताना भिंती व नळ कसे होते, एवढेच विचारले. घरमालकांनी भाडेकरूची जात आणि जेवण विचारण्यापेक्षा हा प्रश्न विचारावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

तेव्हा पुन्हा सांगतो, पत्रात पॅकेज लिहू नये, हातात येणारी रक्कम लिहावी. तीच, जी पगारपत्रकात आणि बँकेच्या विवरणात दिसते. नोकरी नवी असेल, तर रुजू झाल्याची तारीख आणि आधीच्या नोकरीचा काळ एकाच वाक्यात सांगावा, म्हणजे तीन महिन्यांची पगारपत्रके का नाहीत, हे विचारावे लागत नाही. संदर्भ म्हणून मित्राचे नाव देऊ नये. आधीचा घरमालक किंवा कार्यालयातील वरिष्ठ द्यावा, आणि त्यांना आधी विचारून घ्यावे. आधार कार्डाची प्रत पत्रासोबत पाठवण्याची घाई नको. लीव्ह अँड लायसन्स कराराची नोंदणी आणि पोलिसांकडे द्यायची भाडेकरूची माहिती यांसाठी ती सहसा लागते, पण घर नक्की झाल्यावर.